रात्रीचा सिंक दहापट लोडवर कसा तपासायचा: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

रात्रीच्या सिंकची लोड टेस्ट बहुतेक ठिकाणी अशी होते: रोजच्या दोन लाख ओळी दहा वेळा कॉपी केल्या, रिकाम्या टेस्ट डेटाबेसवर स्क्रिप्ट चालवली, दीड तासात संपली, "होतंय की चार तासांत" म्हणून सगळे खूश. आणि मग धंदा खरंच तिप्पट-चौपट झाला की सकाळी सात वाजता सेल्सवाल्यांचे फोन, स्टॉक कालचाच दिसतोय. स्क्रिप्ट रन होते पण टेस्ट चुकीच्या गोष्टीची होते, आणि हे सारखं बघायला मिळतं म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

उदाहरण एकच धरू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. एक होलसेल वितरक, पुण्यात एक गोदाम, बारा हजार प्रकारचा माल. दिवसभर सेल्समन ॲपवर ऑर्डर घेतात, रात्री १ ते ५ ही सिंकची विंडो. सिंकच्या सहा पायऱ्या: ऑर्डरच्या ओळी सोर्स डेटाबेसमधून काढणं, स्टेजिंग टेबलमध्ये भरणं, मुख्य टेबलात अपसर्ट, स्टॉकचा हिशोब, बदललेला स्टॉक पार्टनरच्या एपीआयवर पाठवणं, शेवटी ताळा. दोन्हीकडे पोस्टग्रेस. रोज २ लाख ओळी, वेळ ४४ मिनिटं. मालक म्हणतात दोन वर्षांत दहा गोदामं. आकडे समजावण्यासाठी बनवलेत पण गणित खरं आहे, तुमचे आकडे घालून तसंच करता येईल.

## १. आधी पायरीनिहाय वेळ नोंदवायला लागा

लोड टेस्टच्या आधी हे काम आहे आणि हेच लोक गाळतात. "सिंकला ४४ मिनिटं लागतात" या माहितीवरून काहीच कळत नाही. प्रत्येक पायरी सुरू कधी झाली, संपली कधी, किती ओळी हाताळल्या, एवढं एका टेबलात लिहायला लावा, स्क्रिप्टमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. आणि मग किमान एक पूर्ण महिना तसंच चालू द्या, कारण महिनाअखेरीची रात्र आणि मधल्या एखाद्या मंगळवारची रात्र सारखी नसते.

वाचताना एकूण मिनिटं बघू नका, लाख ओळींमागे किती मिनिटं ते बघा:

```sql
SELECT stage,
       round(secs / 60.0, 1) AS mins,
       round(secs / 60.0 / (total_lines / 100000.0), 2) AS min_per_lakh
FROM sync_log
WHERE run_id = 41
ORDER BY started_at;
```

इथे `total_lines` म्हणजे त्या रात्रीच्या एकूण ऑर्डर-ओळी, सगळ्या पायऱ्यांना भागाकार त्याच आकड्याने करायचा. एपीआयच्या पायरीला कॉलच्या संख्येने भागलं आणि बाकीच्यांना ओळींच्या, असं केलंत तर पुढे तुलनाच करता येत नाही. हा लाखामागचा आकडा पुढच्या सगळ्या लेखात लागणार आहे.

तपासा: सगळ्या पायऱ्यांची बेरीज आणि एकूण वेळ जुळते का? दहा मिनिटांचा फरक निघाला तर मधे काहीतरी आहे जे तुम्ही मोजतच नाही आहात, बहुतेक वेळा कनेक्शनची वाट, लॉक, नाहीतर कुणीतरी कधीकाळी घातलेला `sleep`.

## २. दहापट म्हणजे नक्की काय दहापट, ते लिहून काढा

मालक "धंदा दहापट" म्हणतात. सिंकच्या दृष्टीने त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत: रोज रात्री येणाऱ्या ओळी, मुख्य टेबलात आधीच साचलेला डेटा, आणि गोदामं-ग्राहक-माल यांची संख्या. या तिन्ही एकदम दहापट होतीलच असं नाही आणि प्रत्येकीचा फटका वेगळ्या पायरीला बसतो.

एपीआयचीच पायरी बघा. आज एका गोदामात रात्री साधारण ६,००० वस्तूंचा स्टॉक बदललेला असतो. पार्टनरची मर्यादा सेकंदाला ५ कॉल, एका कॉलला एक वस्तू, म्हणजे १,२०० सेकंद, २० मिनिटं. आता ऑर्डर दहापट झाल्या पण गोदाम तेच राहिलं तर? माल एकूण बारा हजार प्रकारचाच आहे, त्यामुळे जास्तीत जास्त १२,००० कॉल, ४० मिनिटं, त्याच्या पुढे जाऊच शकत नाही. पण गोदामं दहा झाली तर प्रत्येक गोदामाचा स्टॉक वेगळा पाठवावा लागतो, ६०,००० कॉल, ३ तास २० मिनिटं. दोन्हीकडे दहापटच, पण एकात सिंक आरामात बसतो आणि दुसऱ्यात एक पायरीच जवळजवळ सगळी विंडो खाते.

म्हणून मालकांना किंवा बिझनेसवाल्यांना "किती वाढ" एवढंच विचारू नका, "वाढ कशी होणार" ते विचारा. नवीन गोदामं की त्याच गोदामातून जास्त माल, नवीन ग्राहक की जुन्यांच्या मोठ्या ऑर्डरी. आपल्या उदाहरणात उत्तर आहे दहा गोदामं, म्हणजे ओळी दहापट, स्टॉकच्या जोड्या दहापट, मालाचे प्रकार तेवढेच.

थांबा: साचलेला डेटा विसरू नका. दोन वर्षांनी मुख्य टेबल आजच्या आकाराचं नसणार. रिकाम्या टेबलावर अपसर्ट केला तर प्रत्येक ओळ नवीनच असते, जुनी शोधून बदलायचं काम होतच नाही. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे ओळीची नवी प्रत लिहिणं आणि जुनी मेलेली प्रत मागे ठेवणं, ते फुकट येत नाही. तुमच्या रोजच्या डेटात किती टक्के ओळी नव्या आणि किती बदललेल्या ते मोजा आणि टेस्टमध्ये तेच प्रमाण ठेवा.

## ३. टेस्टची जागा तयार करा, आणि बाहेरचे सगळे रस्ते बंद करा

मशीन प्रॉडक्शनसारखंच हवं. रॅम तेवढी, डिस्क त्याच प्रकारची आणि त्याच साइझची, पोस्टग्रेसचं व्हर्जन आणि सेटिंग तीच. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर एनव्हीएमई डिस्क असते, तिथे आलेला वेळ कुणाला सांगू पण नका. दोन-तीन दिवसांसाठी मोठं मशीन भाड्याने घ्यायचा खर्च होतो, तो आधीच मंजूर करून घ्या नाहीतर मग "छोट्यावरच बघ ना" सुरू होतं.

डेटा प्रॉडक्शनच्या बॅकअपमधून घ्यायचा, पण ग्राहकांची नावं, फोन नंबर, पत्ते रिस्टोअर झाल्या झाल्या बदलून टाका, टेस्टच्या आधी, नंतर नाही. मग कॉन्फिगमधली प्रत्येक बाहेरची गोष्ट शोधा: एसएमएस, ईमेल, पार्टनरची एपीआय, अकाउंट्सकडे जाणारी फाइल. नुसतं कॉन्फिग बदलून थांबू नका, त्या मशीनवरून बाहेर जाणारं नेटवर्कच फायरवॉलला बंद करा, कारण कुठेतरी कोडमध्ये एखादा यूआरएल थेट लिहिलेला निघतोच.

पार्टनरच्या एपीआयच्या जागी आपला खोटा सर्व्हर लागतो, आणि इथे फार मोठी चूक होते. लोक लगेच "ओके" परत देणारा सर्व्हर उभा करतात. मग ६०,००० कॉल चार मिनिटांत होतात आणि रिपोर्टमध्ये एपीआयची पायरी हिरवी. खोट्या सर्व्हरने खऱ्यासारखाच वेळ घ्यायला हवा (तुमच्याच लॉगमधून एका कॉलला किती मिलिसेकंद लागतात ते काढा), सेकंदाला पाचच्या वर गेलं की 429 द्यायला हवं, आणि अधूनमधून एखादा कॉल तीस सेकंद लटकवायला हवा.

तपासा: टेस्ट मशीनवरून पार्टनरच्या खऱ्या पत्त्यावर `curl` मारून बघा. टाइमआउट आला पाहिजे. उत्तर आलं तर पुढे जाऊ नका.

## ४. डेटा बनवा, पण नुसता झेरॉक्स नको

तीच ऑर्डर दहा वेळा घातली तर ऑर्डर नंबर तेच राहतात, अपसर्टला वाटतं एकच ओळ दहा वेळा आलीये, आणि पोस्टग्रेस एकाच `INSERT ... ON CONFLICT DO UPDATE` मध्ये तीच ओळ दुसऱ्यांदा बदलायला सरळ नकार देतं. उलट टोकाला, सगळं `random()` ने बनवलं तर प्रत्येक ग्राहकाच्या नावावर सारख्याच ऑर्डरी येतात. खऱ्या डेटात असं कधीच नसतं, दोन-तीन मोठे ग्राहक ढीगभर घेतात आणि बाकीचे चिल्लर.

मधला मार्ग म्हणजे खऱ्या एका रात्रीचा डेटा घ्यायचा आणि तो गोदामानुसार पसरवायचा. कोणती रात्र? सरासरी नको. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली नाहीतर महिनाअखेरीची, जी सर्वात जड होती ती, आणि तिच्यावर दहापट.

```sql
INSERT INTO order_lines (godown_id, order_no, sku, qty, sync_date)
SELECT g,
       g || '-' || b.order_no,
       b.sku,
       greatest(1, round(b.qty * (0.7 + random() * 0.6))),
       b.sync_date
FROM base_night b
CROSS JOIN generate_series(1, 10) AS g
ORDER BY b.id, g;

ANALYZE order_lines;
```

`base_night` म्हणजे त्या जड रात्रीच्या ओळी वेगळ्या काढून ठेवलेलं टेबल. शेवटचा `ORDER BY` दिखाव्यासाठी नाही. तो नसेल तर एका गोदामाच्या सगळ्या ओळी डिस्कवर सलग बसू शकतात, आणि खऱ्या आयुष्यात दहा गोदामांच्या ऑर्डरी एकमेकांत मिसळून येतात. सलग बसलेला डेटा वाचायला स्वस्त पडतो आणि टेस्ट उगाच छान दिसते. `ANALYZE` विसरलात तर प्लॅनरकडे डेटाची आकडेवारी जुनीच राहते आणि तो भलताच प्लॅन निवडू शकतो. तुमच्या सिंकमध्ये टेंपररी टेबल असेल तर त्यालाही भरल्यानंतर हाताने `ANALYZE` द्या, ऑटोव्हॅक्युम टेंपररी टेबलाला हातच लावत नाही.

याच पद्धतीने मागचे महिने वाढवून मुख्य टेबल पण फुगवायचं. वैतागवाणं काम आहे, रात्रभर चालतं, पण त्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ.

## ५. आधी एकपट चालवा

दहापटीची घाई सगळ्यांना असते. थांबा. टेस्ट मशीनवर आजच्याच आकाराचा डेटा घेऊन सिंक चालवा आणि पायरी-पायरीने प्रॉडक्शनशी ताडा. प्रत्येक पायरी साधारण १५-२० टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे. नाही जुळली तर तुमची टेस्ट अजून तुमच्या सिंकची नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी सिंकची आहे.

टेस्ट हळू आली तर पहिलं कारण स्नॅपशॉट. एडब्ल्यूएसवर स्नॅपशॉटमधून बनवलेली डिस्क लगेच तयार दिसते, पण प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागून आणला जातो, त्यामुळे पहिला रन रडतखडत चालतो. सगळी डिस्क एकदा वाचून घ्या, मग मोजा. टेस्ट वेगवान आली तर बहुतेक कॅश: तुम्ही तोच डेटा आत्ताच भरलाय, सगळा रॅममध्ये गरम बसलाय. नुसतं पोस्टग्रेस रीस्टार्ट करून भागत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश वेगळी असते, ती पण रिकामी करायची:

```bash
sudo systemctl stop postgresql
sync; echo 3 | sudo tee /proc/sys/vm/drop_caches
sudo systemctl start postgresql
```

थांबा: ही कमांड टाइप करण्याआधी `hostname` बघा. दोन टर्मिनल उघडी असतात, बाकी काय ते समजून घ्या.

## ६. एक, दोन, पाच, दहा: शिडी चढा आणि लाखामागचा आकडा बघा

थेट दहापटीवर उडी मारली तर "नऊ तास लागले" एवढंच कळतं, कुठे आणि कशामुळे ते नाही. चार टप्प्यांत चालवा. आपल्या उदाहरणात मिनिटांत हे आलं:

| पायरी | १ पट | २ पट | ५ पट | १० पट |
|---|---|---|---|---|
| काढणं | ६ | १४ | ५० | १५० |
| स्टेजिंग | ३ | ६ | १५ | ३० |
| अपसर्ट | ९ | १८ | ४५ | १५० |
| हिशोब | ४ | ८ | २० | ४० |
| एपीआय | २० | ४० | १०० | २०० |
| ताळा | २ | २ | ३ | ४ |
| एकूण | ४४ | ८८ | २३३ | ५७४ |

एकूणची ओळ बघा. दोन पटीला बरोब्बर दुप्पट, ८८ मिनिटं. इथे थांबलेला माणूस छातीठोकपणे सांगेल की दहापटीला ४४० लागतील. पाच पटीला २३३, म्हणजे २४० मिनिटांच्या विंडोत सात मिनिटं राखून बसतं आणि रिपोर्टमध्ये "पास" लिहिलं जातं. दहापटीला खरं उत्तर साडेनऊ तास.

आता लाखामागचे आकडे काढा. काढण्याची पायरी ३, मग ३.५, मग ५, मग ७.५. हा आकडा दोन पटीलाच चढायला लागला होता, पण एकूण बेरजेत ताळ्याची पायरी दोनवरच राहिल्यामुळे ती वाढ झाकली गेली. अपसर्ट ४.५, ४.५, ४.५ आणि अचानक ७.५. एपीआय सगळीकडे १०, एकदम सरळ, पण मुळातच महाग. म्हणजे तीन पायऱ्या, तीन वेगळे आजार: एक हळूहळू वाकतेय, एक सपाट चालता चालता कड्यावरून पडतेय, एक सरळच आहे पण वर मर्यादेचं छप्पर आहे. उपायही तीन वेगळे.

तपासा: प्रत्येक टप्प्यानंतर ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज दोन्हीकडे जुळते का ते बघा. अर्ध्या ओळी गाळून लवकर संपलेला रन सगळ्यात सुंदर दिसतो.

## ७. एका वेळी एकच दुरुस्ती, आणि प्रत्येकीनंतर परत मोजा

वाकणारी पायरी. काढणारी क्वेरी हजार-हजार ओळींची पानं करून `LIMIT 1000 OFFSET n` ने वाचत होती. `OFFSET` म्हणजे डेटाबेस आधीच्या सगळ्या ओळी परत चालून जातो आणि फेकून देतो. २ लाख ओळींना २०० पानं, मिळून साधारण २ कोटी ओळी चालायच्या. २० लाखांना २,००० पानं आणि साधारण २०० कोटी. डेटा दहापट, चाल शंभरपट. आजच्या सहा मिनिटांत या फुकटच्या चालण्याचं एकच मिनिट आहे म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही, दहापटीला दीडशेतली शंभर मिनिटं तीच. उपाय, शेवटची वाचलेली ओळ लक्षात ठेवून तिथून पुढे:

```sql
SELECT id, godown_id, order_no, sku, qty
FROM order_lines
WHERE sync_date = :d AND id > :last_id
ORDER BY id
LIMIT 1000;
```

`(sync_date, id)` वर इंडेक्स हवा. आणि `id` ऐवजी `updated_at` वापरणार असाल तर एकाच क्षणाच्या दोन ओळी असतात हे लक्षात घेऊन `(updated_at, id) > (:t, :last_id)` अशी जोडी वापरा, नाहीतर पानाच्या सीमेवर ओळी गळतात आणि ते महिनाभर कुणाला कळत नाही. यानंतर दहापटीला १५० चे ५० झाले.

कड्यावरून पडणारी पायरी. हिचं कारण क्वेरीत सापडत नाही, `EXPLAIN` कितीही वाचा. डिस्क होती १०० जीबीची gp2. या प्रकारात मूळ वेग जीबीमागे ३ आयओपीएस, म्हणजे ३००, आणि त्याच्या वर ३,००० पर्यंत जाता येतं पण साठवलेल्या क्रेडिटच्या जिवावर. क्रेडिटची टाकी ५४ लाखांची. आपलं भरणं आणि अपसर्ट मिळून साधारण १,२०० आयओपीएस मागतात, म्हणजे सेकंदाला ९०० क्रेडिट खर्च, ६,००० सेकंदांत, १०० मिनिटांत टाकी रिकामी. पाच पटीला स्टेजिंगची १५ आणि अपसर्टची ४५ मिळून ६० मिनिटं होतात, टाकी पुरते. दहापटीला स्टेजिंगने ३० मिनिटं खाल्ली, अपसर्ट ७० मिनिटं जोरात चालला, आणि उरलेलं २० मिनिटांचं काम ३०० आयओपीएसवर, चौपट हळू, ८० मिनिटांत झालं. ७० आणि ८०, दीडशे. हिशोबाची पायरी जवळजवळ मेमरीतच होते म्हणून ती वाचली.

क्लाउडवॉचमध्ये `BurstBalance` चा आलेख बघितला की हे एका मिनिटात दिसतं, तो शून्याला टेकलेला असतो. उपाय gp3, तिथे ३,००० आयओपीएस मुळातच मिळतात, क्रेडिटची भानगड नाही. अपसर्ट ९० वर आला.

यातच टेस्ट करणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. रिकामी टाकी ३०० च्या वेगाने भरायला पाच तास लागतात. तुम्ही सकाळपासून एकामागून एक रन मारत असाल तर दुपारचा रन रिकाम्या टाकीने सुरू होतो, आणि तुम्ही सकाळी केलेल्या चांगल्या दुरुस्तीला नावं ठेवत बसता. gp2 वर टेस्ट करताना प्रत्येक रनच्या आधी टाकी शंभर टक्के आहे का बघाच.

जाता जाता, अपसर्टचा आकडा पाच पटीपर्यंत सपाट राहिला त्याचं श्रेय ऑर्डर नंबर चढत्या क्रमाने येण्याला आहे, इंडेक्समध्ये प्रत्येक गोदामाच्या शेवटच्या भागातच काम होतं आणि तो भाग रॅममध्ये असतो. तुमची की यादृच्छिक यूयूआयडी असेल तर लिहिणं सगळ्या इंडेक्सभर विखुरतं, आणि इंडेक्स रॅममध्ये मावेनासा झाला की कडा खूप आधी येतो.

छप्पर असलेली पायरी. इथे कोड कितीही घासा, सेकंदाला पाच म्हणजे पाच. जास्त थ्रेड लावले तर फक्त 429 जास्त येतात. एकच प्रश्न पार्टनरला विचारायचा: एका कॉलमध्ये अनेक वस्तू पाठवता येतात का. शंभर येत असतील तर ६०,००० चे ६०० कॉल. मर्यादेच्या हिशोबाने हे दोन मिनिटांत व्हावेत, पण शंभर वस्तूंच्या कॉलला पार्टनर तीन सेकंद घेत असेल तर एकापाठोपाठ ६०० कॉलना ३० मिनिटं लागतात, तीच धरा. आणि शंभरातल्या तीन वस्तू नाकारल्या तर उत्तर "यशस्वी" असंच येऊ शकतं, आतली यादी वाचून ते तीन वेगळे काढायचा कोड लिहावा लागतो. पार्टनर नाही म्हणाला तर हे आत्ताच कळलेलं बरं, करार बदलायला महिने जातात.

## ८. परत बेरीज, आणि विंडोचं खरं माप

५०, ३०, ९०, ४०, ३०, ४. एकूण २४४. एवढं करूनही चार मिनिटांनी बाहेरच! आणि माप २४० चं नसतंच मुळी. रात्री साडेतीनला काही फुटलं तर परत चालवून पाचच्या आत संपलं पाहिजे, तो वेळ याच विंडोतून काढावा लागतो.

आपल्या उदाहरणात दोन बदल केले. काढणं आणि स्टेजिंग दिवसभर दर तासाला हलवलं, रात्री फक्त शेवटच्या तासाचं उरतं, त्याला १० मिनिटं धरली. मग १०, ९०, ४०, ३०, ४, म्हणजे १७४. दिवसा सोर्सवर सेल्समनचं ॲप चालू असतं, त्यामुळे हे वाचन रेप्लिकावरून घेतलं. दुसरा बदल, अपसर्ट एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये न करता गोदामानुसार दहा तुकड्यांत, प्रत्येक तुकडा झाला की कमिट आणि नोंद. आधी ८५व्या मिनिटाला फुटलं तर ८५ मिनिटं पाण्यात जायची, आता नऊ. पुन्हा करावी लागणारी सर्वात मोठी पायरी आता हिशोबाची, ४० मिनिटांची. १७४ आणि ४०, २१४. हा आकडा २४० च्या आत आहे, म्हणून पास.

तुकड्यांत कमिट करण्याची किंमत एक आहे, मधल्या वेळेत रिपोर्ट उघडला तर काही गोदामं आजची आणि काही कालची दिसतात. रात्री कुणी बघत नसेल तर चालतं. तुमच्याकडे रात्रपाळीचं गोदाम असेल तर आधी त्यांना विचारा.

## ९. रंगीत तालीम: गर्दीत चालवा आणि मुद्दाम मोडा

आतापर्यंतचे रन शांत मशीनवर झाले. आता प्रॉडक्शनच्या रात्रीसारखी गर्दी करा. २ वाजता `pg_dump` सुरू होत असेल तर टेस्टमध्येही त्याच मिनिटाला सुरू करा, अँटिव्हायरस, लॉग रोटेशन, एमआयएसचा तो जड रिपोर्ट, सगळं. बॅकअप आणि अपसर्ट एकाच डिस्कवर भांडतात, आणि बॅकअपही आता दहापट आहे हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

मग मोडा. अपसर्टच्या मधोमध प्रोसेसला `kill -9`. परत चालवा, सहाव्या तुकड्यापासून सुरू होतो का बघा, आणि ताळा लावा. एपीआयचा खोटा सर्व्हर दहा मिनिटं बंद करा. डिस्क ९५ टक्के भरून ठेवा, कारण दहापट अपसर्टचा डब्ल्यूएएल पण त्याच प्रमाणात फुगतो आणि रेप्लिका मागे पडली असेल तर तो साचून राहू शकतो. शेवटचं, पहिला रन चालू असताना दुसरा सुरू करून बघा. दोन सिंक एकमेकांत घुसले तर डेटा कसा दिसतो ते टेस्टमध्ये बघितलेलं चांगलं, आणि उपाय एका ओळीचा आहे:

```bash
30 19 * * * flock -n /var/lock/nightsync.lock /opt/sync/run.sh
```

३०, १९ बघून दचकू नका, सर्व्हर यूटीसीवर आहे, आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो. आणि यूटीसीवरच्या मशीनला "कालची तारीख" विचारली की तो भलताच दिवस सांगू शकतो, तेवढं `sync_date` काढताना तपासा.

तपासा: मोडून परत चालवलेल्या रनचा निकाल आणि न मोडलेल्या रनचा निकाल, दोन्हीची गोदामानुसार बेरीज काढा. एका पैशाचाही फरक नको.

## १०. आकडे प्रॉडक्शनच्या अलार्ममध्ये घाला

टेस्ट मशीन बंद करायच्या आधी हे करा, नंतर होत नाही. एकूण वेळेवरचा अलार्म उशिरा वाजतो, तेव्हा विंडो संपत आलेली असते. अलार्म लावायचा तो पायरीनिहाय लाखामागच्या मिनिटांवर. अपसर्ट ४.५ वर चालला पाहिजे, सलग तीन रात्री ५.५ च्या वर गेला की मेसेज. एपीआय आता दीडवर असायला हवी, दोनच्या वर गेली तर पार्टनर हळू झालाय किंवा कुणीतरी एकेरी कॉल परत आणलेत. gp2 अजून कुठे उरली असेल तर `BurstBalance` ४० टक्क्यांखाली गेला की वेगळा अलार्म.

आणि शिडीची स्क्रिप्ट, डेटा बनवायच्या क्वेरी, खोटा सर्व्हर, सगळं रिपॉझिटरीत टाका. सिंकमध्ये नवी पायरी आली, पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन बदललं किंवा तिसरं गोदाम सुरू झालं की एकपट आणि दहापट असे दोनच रन मारायचे. तिसऱ्या गोदामाच्या वेळी खऱ्या रात्रीचे आकडे टेस्टच्या २ आणि ५ पटीच्या मधे बसतात का तेही बघा, नाही बसले तर वाढ दुसऱ्याच रस्त्याने होतेय आणि पायरी २ चा कागद परत काढावा लागेल.